३६० हे दुसऱ्याच प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे

प्रश्न असा आहे. शिमग्याच्या पालखीची व्यवस्था बघायला वाडीतल्या चार जणांची समिती करायची आहे. सहा पुरुष आणि चार महिला तयार आहेत. समितीत नेमक्या दोन महिला हव्यात. समिती किती प्रकारे करता येईल? पर्याय: (अ) १५, (ब) ९०, (क) ३६०, (ड) २१६०.

पर्म्युटेशन आणि कॉम्बिनेशनची सूत्रे तुम्हाला येतात, असे धरून चालतो. सीईटीला बसणाऱ्या बहुतेकांना ती पाठच असतात. चुकतो तो भाग सूत्राच्या आधीचा आहे आणि हा प्रश्न त्यासाठी उत्तम नमुना आहे.

घाईत सोडवणारा असा जातो: पहिली महिला ४ प्रकारे, दुसरी ३ प्रकारे, म्हणजे १२. पहिला पुरुष ६ प्रकारे, दुसरा ५ प्रकारे, म्हणजे ३०. बारा गुणिले तीस ३६०. पर्यायांत बघतो तर ३६० आहे. गोल भरतो आणि पुढे जातो. गुणाकार बरोबर, बेरीज-वजाबाकीची भानगड नाही, पर्यायही सापडला. तरीही उत्तर चूक. बरोबर उत्तर ९०.

इथे जरा थांबा, कारण सगळा घात याच ठिकाणी होतो. आपले उत्तर पर्यायांत सापडले म्हणजे ते बरोबर, असे आपण नकळत धरून चालतो. मोजणीच्या प्रश्नात हा आधार घ्यायचाच नाही. पेपर काढणाऱ्याला ही चूक तुमच्याइतकीच माहीत असते आणि तिचे उत्तर तो मुद्दाम पर्यायांत ठेवतो. सीईटीत चुकीला वजा गुण नाहीत, पण गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असतो. आणि हे दोन गुण येत असलेल्या गोष्टीत जातात, म्हणून जास्त लागतात.

आता ३६० मध्ये काय झाले ते नावे घालून बघू. समितीच्या वहीत नावे लिहायची आहेत. समजा शुभदा, वैशाली, तुकाराम आणि दत्ताराम यांची समिती ठरली. वरच्या पद्धतीने मोजताना ही एकच समिती पुढच्या चार ओळींत चार वेळा मोजली गेली:

शुभदा, वैशाली, तुकाराम, दत्ताराम
वैशाली, शुभदा, तुकाराम, दत्ताराम
शुभदा, वैशाली, दत्ताराम, तुकाराम
वैशाली, शुभदा, दत्ताराम, तुकाराम

पालखीच्या दिवशी कामाला उभी राहणारी माणसे चारही ओळींत तीच. वाडीला फरक पडत नाही, पण मोजणाऱ्याने चार समित्या धरल्या. दोन महिलांची अदलाबदल २ प्रकारे, दोन पुरुषांची २ प्रकारे, म्हणून प्रत्येक समिती २ × २ = ४ वेळा आली. ३६० ला ४ ने भागा, ९० येते. तेच सरळ लिहायचे तर C(४, २) × C(६, २) = ६ × १५ = ९०.

‘पहिली महिला, दुसरी महिला’ हे शब्द तोंडातून निघाले तिथेच क्रम आत शिरला. प्रश्नात पहिली कोण, दुसरी कोण असे काही नव्हते. ते आपण आणले.

बाकीचे दोन पर्यायही रिकामे नाहीत. कुणाला कळते की क्रमाने मोजले गेले, आता भागायला हवे. मग माणसे चार म्हणून तो ३६० ला ४!, म्हणजे २४ ने भागतो आणि १५ वर येतो. पण ३६० मध्ये महिला आणि पुरुष एकमेकांत मिसळून मांडलेच नव्हते, म्हणून चोवीसपट मोजणी झालीच नव्हती, चौपट झाली होती. भागायचे ते जितकी जादा मोजणी झाली तितक्यानेच. तुम्ही केलेल्या मोजणीत एकच समिती किती ओळींत आली हे बघून भाजक ठरवायचा. नुसती माणसे मोजून तो ठरत नाही. आणि २१६० म्हणजे ९० × २४, चारही जणांना एका ओळीत उभे करून मोजलेले.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की चारही आकडे कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहेत. शुभदा आणि वैशाली आधीच ठरल्या असतील आणि फक्त दोन पुरुष घ्यायचे असतील, तर १५ बरोबर. दोन महिलांपैकी एक अध्यक्ष व एक सचिव, आणि दोन पुरुषांपैकी एक खजिनदार व एक हिशेब तपासनीस असे ठरले, तर ३६० बरोबर, कारण आता शुभदा अध्यक्ष आणि वैशाली सचिव हे उलट्या जोडीपेक्षा वेगळे आहे. हीच चार पदे चौघांपैकी कुणालाही द्यायची मोकळीक असेल, तर २१६०. म्हणून चुकलेला प्रश्न तपासताना ‘उत्तर चुकले’ एवढ्यावर थांबू नका. ‘मी कुठल्या प्रश्नाचे उत्तर दिले’ हे वहीत एका वाक्यात लिहा. दहा प्रश्नांचे असे लिहिलेत तर आपला पाय नेहमी कुठे घसरतो ते दिसू लागते.

आता शॉर्टकटबद्दल. ‘सिलेक्ट दिसले की C, अरेंज दिसले की P’ हा कोष्टकछाप नियम कित्येक क्लासमध्ये पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिला जातो. माझ्या मते याने नुकसानच जास्त होते. वाडीतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ‘निवडा’ असे म्हटले तरी ती पर्म्युटेशनच आहे. शब्द निवडीचा, काम क्रमाचे. जो शिक्षक प्रश्न वाचून आधी दोन मिनिटे सूत्राचे नावच काढत नाही, नुसती उदाहरणे लिहायला लावतो, त्याच्याकडे शिका, भले त्याचा पोर्शन मागे राहो.

शब्दांऐवजी अदलाबदल करून बघा. प्रश्नात बसणारे एक उत्तर खरोखर कागदावर लिहा. त्यातल्या दोन नावांची जागा बदला. नवी गोष्ट तयार झाली का? झाली तर क्रम मोजायचा. तीच गोष्ट राहिली तर मोजायचा नाही. याला दहा सेकंद लागतात.

कोकण रेल्वेवर हे करून बघा. खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशी सहा स्थानके घ्या. यांतल्या कुठल्याही दोन स्थानकांमधल्या प्रवासाची किती वेगवेगळी तिकिटे लागतील? चिपळूण ते कुडाळ आणि कुडाळ ते चिपळूण ही दोन वेगळी तिकिटे, म्हणून ६ × ५ = ३०. आता याच सहा स्थानकांमधल्या अंतरांचा तक्ता करायचा, किती अंतरे लिहावी लागतील? चिपळूण ते कुडाळ जेवढे, तेवढेच कुडाळ ते चिपळूण. म्हणून C(६, २) = १५. दोन्हीकडे ‘सहातून दोन स्थानके’ घेतली, पण उलटे फिरवल्यावर तिकीट बदलले, अंतर बदलले नाही. हे एवढे हाताला बसले की साध्या प्रश्नांत चूक होत नाही, खात्रीने सांगतो.

पण सगळे प्रश्न साधे नसतात. पर्म्युटेशनचे सूत्र न वापरताही क्रम आत येतो, आणि ही चूक चांगल्या तयारीच्या मुलांकडून होते. तोच प्रश्न, फक्त ‘नेमक्या दोन’ ऐवजी ‘किमान दोन महिला’. आता कुणी असे करतो: आधी दोन महिला घेऊन अट पूर्ण करू, C(४, २) = ६. मग उरलेल्या आठ जणांतून कुणीही दोन, C(८, २) = २८. गुणाकार १६८. दोन्ही ठिकाणी C वापरला आहे, त्यामुळे मन निर्धास्त असते.

बरोबर उत्तर ११५ आहे. शुभदा, वैशाली, माधवी आणि तुकाराम अशी समिती घ्या. ‘आधी’ शुभदा-वैशाली आणि ‘मग’ माधवी-तुकाराम, अशी ती एकदा मोजली गेली. आधी शुभदा-माधवी आणि मग वैशाली-तुकाराम, अशी दुसऱ्यांदा. आधी वैशाली-माधवी, तिसऱ्यांदा. समिती एकच, पण ‘आधी घेतलेल्या’ आणि ‘मागून घेतलेल्या’ असा भेद आपण केला. हाही क्रमच, फक्त C च्या आड लपलेला.

इथे भागून सुटका नाही. दोन महिलांच्या ९० समित्या एकेकदाच मोजल्या गेल्या, तीन महिलांच्या C(४, ३) × ६ = २४ समित्या तीनतीनदा, आणि चार महिलांची एक समिती सहा वेळा. ९० + ७२ + ६ = १६८, हिशेब तंतोतंत जुळतो. प्रत्येकीची पट वेगळी, म्हणून एका आकड्याने भागता येत नाही. नेमक्या दोन, नेमक्या तीन, नेमक्या चार असे सुटे भाग करायचे आणि बेरीज घ्यायची: ९० + २४ + १ = ११५. ‘किमान’ दिसले की सुटे भाग, यात काटकसर करू नका. वेळ जाईल वाटते, पण तीन ओळींचेच काम आहे.

तपासायला दोन गोष्टी हाताशी ठेवा. एक म्हणजे कमाल मर्यादा. दहा जणांतून चार जणांच्या एकूण समित्याच C(१०, ४) = २१० आहेत. अट घातल्यावर त्या वाढणार कशा? म्हणजे ३६० आणि २१६० बघताक्षणी बाद. पहिल्या प्रश्नात एवढ्यावरच दोन पर्याय गेले असते. १५ बाद करायला महिलांची एकच जोडी धरून बघा, पुरुषांमुळे तेवढ्या एका जोडीच्याच १५ समित्या होतात, आणि जोड्या तर सहा आहेत.

मात्र ही मर्यादा १६८ ला पकडत नाही, कारण तो २१० च्या आतच आहे. तिथे उलट बाजूने मोजा. एकही महिला नाही अशा C(६, ४) = १५ समित्या, एकच महिला असलेल्या ४ × C(६, ३) = ४ × २० = ८० समित्या. या ९५ अटीत न बसणाऱ्या. २१० मधून ९५ गेले, ११५ उरले. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तर गोल भरा. नाही आला, तर पर्यायांकडे न बघता आधी एक समिती नावानिशी लिहा आणि ती आपल्या मोजणीत किती वेळा आली ते बोटांवर मोजा.