बेरीज जुळली, तरी बिल चुकलेले असू शकते: इन्व्हॉइसमधून जेसन काढताना या चुका टाळा

पुण्याजवळच्या एखाद्या लहान कारखान्याला सुट्या भागांचे बिल आले आहे, असे धरून चालू. त्यात चार वस्तू आहेत. २४० बोल्ट १२.७५ रुपये दराने, म्हणजे ३,०६०.०० रुपये, १८ बेअरिंग १८५ रुपये दराने, त्यावर दहा टक्के सूट, म्हणजे २,९९७.०० रुपये, ६ पट्टे ३१२.५० रुपये दराने, म्हणजे १,८७५.०० रुपये, आणि साडेतीन किलो ग्रीस ४१८.४० रुपये दराने, म्हणजे १,४६४.४० रुपये. त्यानंतर पॅकिंग व हमालीचे २५० रुपये, नऊ-नऊ टक्क्यांनी सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी ८६८.१८ रुपये, राउंड ऑफ ०.२४ रुपये आणि एकूण ११,३८३.०० रुपये. हे बिल स्कॅन करून भाषा-मॉडेलला दिले, जेसन मिळाले, ओळींची बेरीज छापील करपात्र मूल्याशी, म्हणजे ९,६४६.४० रुपयांशी, तंतोतंत जुळली आणि नोंद पुढे गेली. प्रत्यक्षात ती नोंद चुकीची होती, कारण ग्रीसच्या ओळीत मॉडेलने १,७१४.४० ही रक्कम लिहिली होती.

हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. जेसनच्या साच्यात वस्तूंच्या ओळी होत्या, कर होता, एकूण रक्कम होती. पण पॅकिंगच्या खर्चाला जागाच नव्हती. त्यातच मॉडेलला दिलेल्या सूचनेत एक वाक्य होते की ‘ओळींची बेरीज करपात्र मूल्याशी जुळेल याची खात्री करा’. मॉडेलसमोर जागा नसलेले २५० रुपये होते आणि बेरीज जुळवण्याचा आदेश होता. त्याने ते रुपये शेवटच्या ओळीत मिसळून दोन्ही अटी पूर्ण केल्या. ताळा तपासणाऱ्यालाच ताळा जुळवायला सांगितले, तर तो ताळा राहत नाही. म्हणून मॉडेलचे काम कागदावर जे छापले आहे ते जसेच्या तसे उतरवणे एवढेच ठेवावे, बेरीज-गुणाकार पूर्णपणे आपल्या प्रोग्रॅममध्ये करावा आणि सूचनेत जुळण्याचा उल्लेखही करू नये.

याच चुकीचे दुसरे रूप पुन्हा प्रयत्न करताना दिसते. ताळा चुकला की अनेक जण मॉडेलला कळवतात: ‘२५० रुपयांचा फरक येत आहे, पुन्हा तपासा.’ फरकाचा आकडा हाती आला की तो कुठेतरी बसवणे सोपे असते, आणि दुसऱ्या वेळी आलेले उत्तर हमखास जुळते. दुसरे वाचन हवेच असेल, तर फरक न सांगता, पहिले उत्तर न दाखवता, शक्य असल्यास फक्त वस्तूंच्या तक्त्याचा भाग मोठा करून द्यावा. दोन स्वतंत्र वाचने वेगळी आली, तर ते बिल माणसाकडे पाठवावे.

एक नव्हे, तीन ताळे

ओळींची बेरीज थेट एकूण रकमेशी ताडणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. आपल्या उदाहरणात चार ओळींची बेरीज ९,३९६.४० येते आणि एकूण रक्कम ११,३८३ आहे. त्या दोहोंमध्ये खर्च, दोन कर आणि राउंड ऑफ उभे आहेत. पहिला ताळा प्रत्येक ओळीच्या आत करावा: नग गुणिले दर, वजा सूट, बरोबर ओळीची रक्कम. दुसरा ताळा ओळी आणि इतर खर्च मिळून करपात्र मूल्याचा. तिसरा ताळा करपात्र मूल्य, कर आणि राउंड ऑफ मिळून एकूण रकमेचा. वरची खोटी नोंद दुसऱ्या आणि तिसऱ्या ताळ्यातून सुखरूप पार झाली. पहिला ताळा ठेवला असता, तर साडेतीन गुणिले ४१८.४० म्हणजे १,४६४.४० हे लगेच दिसले असते.

साच्यात इतर खर्चांची स्वतंत्र यादी हवी, ती एवढ्यासाठीच. टॅलीतून छापलेल्या बिलांत कर, वाहतूक आणि राउंड ऑफ या नोंदी वस्तूंच्याच तक्त्यात, वर्णनाच्या रकान्याखाली छापल्या जातात, त्यामुळे मॉडेल त्यांनाही वस्तूच्या ओळी समजते. ज्या ओळीला नग आणि दर दोन्ही नाहीत ती वस्तू नव्हे, तर खर्चाची, कराची किंवा राउंड ऑफची नोंद आहे, असे सूचनेत स्पष्ट सांगितले की हा गोंधळ बराच कमी होतो. बिल दोन-तीन पानांचे असेल, तर पानाच्या तळाची ‘पुढे नेलेली’ बेरीजही अशीच ओळ म्हणून घुसते.

साच्याबद्दल आणखी एक गोष्ट. ठरलेल्या साच्यातच उत्तर देण्याची सोय आता बहुतेक मॉडेलांत आहे, पण ती सोय आकाराची हमी देते, आकड्यांची नव्हे. सूट हा रकाना अनिवार्य ठेवला आणि `null` ला परवानगी दिली नाही, तर बिलावर सूट नसतानाही मॉडेल काहीतरी लिहिणारच. ‘छापलेले नाही’ आणि ‘शून्य छापले आहे’ यांत फरक राहिला पाहिजे.

आकडे मजकूर म्हणूनच मागवा

रकमा जेसनमध्ये संख्या म्हणून मागवल्या, तर स्वल्पविराम काढण्याचे कामही मॉडेलवर पडते आणि १,१४,५०० सारख्या आपल्या पद्धतीच्या गटांत एखादा अंक गळू शकतो. त्यापेक्षा कागदावर जसे आहे तसे अवतरणात मागवावे:

```json
{"desc": "Bearing 6204", "qty": "18", "rate": "185.00",
 "disc_pct": "10", "amount": "2,997.00"}
```

मग रूपांतर आपल्याकडे, पैशांच्या पूर्णांकात:

```python
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP

def paise(s):
    s = s.replace(",", "").replace("₹", "")
    s = s.replace("(-)", "-").strip()
    p = Decimal(s) * 100
    return int(p.quantize(Decimal("1"), rounding=ROUND_HALF_UP))
```

टॅलीच्या बिलांत वजा राउंड ऑफ `(-)0.24` असा छापला जातो. त्याची सोय वर केली आहे. `ROUND_HALF_UP` मुद्दाम लिहिले आहे, कारण पायथनची पूर्वनिर्धारित पद्धत अर्ध्या पैशावर सम अंकाकडे झुकते. १,००५ रुपयांवर अडीच टक्के म्हणजे २५.१२५, त्या पद्धतीने २५.१२ येतात, तर बिल बनवणाऱ्याकडे बहुधा २५.१३ छापलेले असतात.

किती फरक चालवून घ्यायचा

एक रुपयापर्यंतचा फरक सोडून द्यावा, असा सरसकट नियम करणे मला पटत नाही. छापलेल्या रकमांची बेरीज आणि छापलेली एकूण रक्कम यांत एका पैशाचाही फरक असण्याचे कारण नसते, म्हणून बेरजेच्या ताळ्यात सवलत शून्य ठेवावी. आपल्या बिलात ९,६४,६४० अधिक दोन वेळा ८६,८१८ अधिक २४ म्हणजे नेमके ११,३८,३०० पैसे येतात. सवलत फक्त गुणाकाराला द्यावी, कारण अर्धा पैसा तिथेच जन्म घेतो. कर ओळीनिहाय काढून मग मिळवला असेल, तर प्रत्येक ओळीमागे जास्तीत जास्त अर्ध्या पैशाचा फरक संभवतो. चार वस्तू आणि एक खर्च धरून अडीच पैसे होतात, म्हणजे प्रत्येक करासाठी तीन पैशांची मर्यादा पुरते.

नग गुणिले दर यात मात्र मोठा फरकही खरा असू शकतो. करासह १५ रुपये किमतीचा बोल्ट असेल, तर १८ टक्के कर वजा करून दर १२.७११८६ येतो, बिलावर १२.७१ छापले जातात, पण संगणकाने गुणाकार पूर्ण दराने केलेला असतो. २४० नगांची छापील रक्कम ३,०५०.८५ आणि आपला गुणाकार ३,०५०.४०, म्हणजे ४५ पैशांचा निर्दोष फरक. म्हणून पहिल्या ताळ्याची मर्यादा ठरावीक न ठेवता नगांच्या संख्येला अर्ध्या पैशाने गुणून काढावी. इथे ती १.२० रुपये येते.

फरक मर्यादेबाहेर असेल, तर तो आकडा टाकून देऊ नये, कारण तो बोलका असतो. तो एखाद्या ओळीच्या रकमेएवढा असेल, तर ती ओळ सुटली आहे किंवा दोनदा आली आहे; एखाद्या सुटीच्या दुप्पट असेल, तर वजाचे चिन्ह हरवले आहे. जुन्या मुनीमजींची युक्ती इथेही चालते: फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्याचा संशय घ्यावा. २,९९७ चे २,९७९ वाचले, तर फरक १८ येतो. एका ओळीत शंभरपटीचा फरक दिसला, तर दर एका नगाचा नसून शेकड्याचा आहे का, ते ‘प्रति’ या रकान्यात पाहावे.

ताळा जिथे आंधळा असतो

नग आणि दर यांची अदलाबदल झाली, तरी गुणाकार तोच राहतो, १२.७५ नग आणि २४० रुपये दर ही नोंद तिन्ही ताळ्यांतून पार होते. ‘नग’ या एककाची संख्या पूर्णांक असावी, एवढी साधी अट ती पकडते. बिल क्रमांक, तारीख आणि जीएसटीआयएन यांच्याशी बेरजेचा संबंधच नाही. जीएसटीआयएनच्या पंधरा चिन्हांपैकी पहिली दोन राज्याची असतात, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. पुढची दहा पॅनची, आणि शेवटचे चिन्ह तपासणीचे असते. त्यामुळे एक अक्षर चुकीचे वाचले गेले, तर प्रोग्रॅमला ते कळू शकते.

एकूण रकमेचा स्वतंत्र साक्षीदार बहुतेक बिलांवर अक्षरी रकमेच्या रूपात असतोच. ती वेगळ्या रकान्यात मागवावी. त्याहून भक्कम साक्षीदार ई-इन्व्हॉइसवरचा क्यूआर कोड आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायांना अन्य नोंदणीकृत व्यवसायांशी होणाऱ्या व्यवहारांत ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे, काही वर्गांना त्यातून वगळले आहे. स्वाक्षरी केलेल्या त्या कोडमध्ये दोन्ही जीएसटीआयएन, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम `TotInvVal` आणि ओळींची संख्या `ItemCnt` असते. मॉडेलने किती ओळी वाचल्या हे `ItemCnt` शी ताडले, की सुटलेली ओळ रकमेकडे न पाहताही सापडते. हा कोड साध्या प्रोग्रॅमने वाचावा, मॉडेलकडून नव्हे.

शेवटी अशीही बिले येतात, ज्यांत छापलेलेच चुकलेले असते. हाताने बदललेला दर किंवा रद्द करूनही बेरजेत राहिलेली ओळ यांमुळे दोन वाचने एकसारखी येतात आणि ताळा तरीही बसत नाही. तिथे जेसन दुरुस्त करू नये. छापील आकडे तसेच ठेवून नोंदीवर ‘मूळ कागदातच तफावत’ अशी खूण करावी आणि बिल पुरवठादाराकडे परत पाठवावे. रक्कम जास्त लावली गेली असेल, तर सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट त्यानेच द्यायची असते.