लोखंडी कपाटात वाळवी शिरते ती कुठून? कागदपत्रं जपताना या चुका टाळा

गणपतीत कुडाळजवळच्या आजोळी गेलो होतो. आरती आटोपल्यावर मामाने जमिनीचे कागद दाखवायला कपाट उघडलं. पत्र्याचं जाडजूड कपाट, कुलूप शाबूत, बाहेर कुठे माती नाही. तिसऱ्या कप्प्यातली फाइल उचलली तर ती हाताला पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यासारखी हलकी लागली. वरचं आवरण जसंच्या तसं, आतलं १९५८ सालचं खरेदीखत मात्र मधोमध पोखरलेलं, आणि पानांच्या जागी ओलसर माती. "अरे, पण हे लोखंडी आहे ना?" मामा दोनदा म्हणाला.

पहिली चूक याच प्रश्नात आहे. वाळवी लोखंड खात नाही हे खरं, पण तिला ते खायचंच नसतं, तिला फक्त आत जायला फट हवी असते. कपाटाची पाठ म्हणजे एक पातळ पत्रा. तो कडेला जिथे दुमडलेला असतो, तिथे दोन वेल्डिंगच्या ठिपक्यांमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट सहज असते. तळाला पायांच्या बोल्टची भोकं असतात. जुन्या कपाटाचा खालचा कोपरा गंजून जाळीदार झालेला असतो. कामकरी वाळवीला यातलं काहीही पुरतं.

आपल्याकडे घरात शिरते ती बहुतेक जमिनीत घर करणारी वाळवी. तिचं अंग मऊ असतं, उघड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून ती मातीची नळी बांधत, त्या ओलाव्यातून आणि अंधारातूनच पुढे सरकते. ही नळी दिसली तर आपण वेळेत जागे होतो, दिसली नाही तर मामासारखं होतं. म्हणून वाळवी घरात कधीच येणार नाही अशी आशा धरण्यापेक्षा तिला उघड्यावरून यायला भाग पाडायचं. वाट डोळ्यांसमोर आली की अर्धं काम झालं.

मामाच्या कपाटाने नेमकं उलटं केलं होतं. घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, सांधे मातीचे. खोलीच्या जमिनीला भिंतीकडे थोडा उतार, त्यामुळे कपाट मागे कलून भिंतीला टेकलेलं. वाळवी जोत्यातून भिंतीच्या पोटात चढली, सांध्यातल्या मातीतून वर आली आणि बरोबर कपाटाच्या पाठीमागे बाहेर पडली. भिंत आणि पत्रा चिकटलेले असल्यामुळे तिची नळी बाहेरून दिसलीच नाही. पाठीच्या सांध्यातून ती आत आली, आणि आत तिच्यासाठी वर्तमानपत्रं अंथरलेली होती.

कपाट भिंतीपासून निदान १५ सेंटीमीटर पुढे घ्या, म्हणजे मागे बॅटरी मारून पाहता येतं आणि हातही जातो. ते कलत असेल तर मागच्या पायांखाली फरशीचे किंवा ग्रॅनाइटचे तुकडे द्या. लाकडी पट्टी किंवा प्लायचा तुकडा नको, ते तिचं जेवण आहे. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी रीत मुंग्यांसाठी चांगली, पण पाठ भिंतीला टेकलेली असेल तर वाळवीला पायांवरून यावंच लागत नाही. शिवाय त्या पाण्यात डास होतात ते वेगळंच.

कप्प्यात वर्तमानपत्र अंथरणं ही सवय मोडणं सगळ्यात अवघड, कारण त्यामुळे कपाट नीटनेटकं दिसतं. पण एकदा वाळवी त्या कागदाखाली शिरली की ती कप्पाभर फिरते आणि वरून काही कळत नाही. कप्पा उघडाच ठेवा. गंजाचे डाग पडत असतील तर घासून ऑइलपेंट मारा आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत कागद आत ठेवू नका.

डांबरगोळ्यांवर आपला फार विश्वास. त्यांच्या वाफेने कपड्यांच्या कसरीला थोडाफार आळा बसतो, पण जमिनीतून नळी बांधत येणाऱ्या वाळवीला त्या अडवत नाहीत. झोपायच्या खोलीतल्या कपाटात मूठभर गोळ्या टाकल्या तर त्रास माणसांनाच, त्यातही लहान मुलांना. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर कडकडीत वाळवून. ओला पाला कपाटात कोंडला की आपणच आत दमटपणा नेऊन ठेवतो.

आता वाळवी सापडल्यावरची घाई. मामाने आधी झाडू घेतला आणि मग रॉकेलचा कॅन. दोन्ही मी अडवलं. रॉकेल किंवा कीटकनाशकाचा फवारा कागदावर मारला की शाई पसरते, तेलकट डाग राहतो, आणि उपयोग काहीच होत नाही. वसाहतीपासून तुटलेली, ओलावा न मिळणारी वाळवी फार दिवस जगत नाही. कागद तिथून हलवून सुकवला की त्यातली वाळवी आपोआप संपते. औषध लागतं ते भिंतीला आणि जमिनीला.

आम्ही कागद ताटांत वेगवेगळे पसरले, सावलीत ठेवले आणि पंखा लावला. ओली माती लगेच पुसायची नाही, ती अक्षरांवर फासली जाते. पूर्ण वाळली की मऊ ब्रशने अलगद झटकायची. ओले कागद दोन दिवसांत सुकले नाहीत तर बुरशी धरायला लागते, म्हणून कोकणच्या पावसात पंखा बंद करायचा नाही. ऊन नको, इस्त्री तर नकोच. सुटलेले तुकडे, अगदी नखाएवढेसुद्धा, ज्या त्या दस्ताच्या पाकिटात ठेवायचे. त्यातल्याच एखाद्या तुकड्यावर गट नंबर असतो. चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो.

वाट चालू आहे की जुनी, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. कपाट ओढल्यावर भिंतीवर नळी दिसली तर ती मधोमध बोटभर मोडा आणि दोन-तीन दिवसांनी पाहा. मोडलेला भाग ओल्या मातीने पुन्हा जोडलेला दिसला तर वसाहत जिवंत आहे. सगळी नळी खरवडून भिंत रंगवून टाकणं ही मोठी चूक. वाळवी तिथून हटत नाही, फक्त दुसरी वाट धरते, आणि औषध मारायला येणाऱ्याला ती कुठून येते हे कळायला काही उरत नाही. मामाच्या भिंतीवरची नळी तिसऱ्या दिवशी जोडलेली होती. मग वाळवी-नियंत्रणाची माणसं बोलावली. त्यांनी भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या रेषेवर साधारण ३० सेंटीमीटर अंतराने १२ मिलिमीटरची भोकं पाडली, त्यांत औषध भरलं आणि सिमेंटने बंद केलं. नुसता कपाटामागे फवारा मारून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा. मातीच्या सांध्यांच्या जुन्या घराबद्दल कायमची खात्री देणाऱ्यावरही माझा विश्वास नाही. वर्षातून एकदा बॅटरी मारून बघावंच लागतं.

पहिल्या पावसानंतर दिव्यापाशी येणारे पंखाचे किडे सगळ्यांच्या ओळखीचे. कपाटाच्या मागे किंवा तळाशी गळलेल्या पंखांचा ढीग दिसला तर मात्र वसाहत जवळ आहे असं समजा आणि त्याच आठवड्यात कपाट ओढा.

माळ्यावरच्या ट्रंकेचं दुखणं वेगळं, तिथे उंदीर. आजोबांच्या दुकानाच्या रोजकिर्दी आणि खतावण्या तिथेच होत्या. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याला आणि कण्याला पिठाची खळ लावलेली असते. कसर, झुरळं आणि उंदीर तिथूनच सुरुवात करतात. शिवाय उंदराला घरट्यासाठी कागदाचा चुरा हवाच असतो, तो खाण्यापेक्षा कुरतडून जास्त नासाडी करतो. पत्रा त्याला कुरतडता येत नाही, पण घरातला लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतून आत जातो.

फट शोधायला रात्री खोलीत अंधार करा, पेटती बॅटरी ट्रंकेत ठेवा आणि झाकण लावा. उजेड कुठून येतो ते पाहा. आमच्या ट्रंकेत तो मागच्या बिजागरीपाशी आणि गंजलेल्या तळाच्या एका कोपऱ्यातून येत होता. कोपऱ्याला पत्र्याचा तुकडा रिव्हेट करून घेतला. बिजागरीची फट स्टीलच्या घासणीने ठासून भरली आणि वरून एपॉक्सी लावली. कापड, थर्माकोल किंवा नुसता एम-सील तो कुरतडून टाकतो. आणखी एक चूक फार साधी असते. ट्रंक इतकी भरलेली असते की झाकण अर्धा इंच वरच राहतं आणि नुसती कडी ओढून कुलूप घातलेलं असतं. अशा ट्रंकेतून दोन वह्या काढून घेणं हाच उपाय.

उंदराचं विषारी औषध माळ्यावर ठेवू नका. तो सामानाच्या मागे कुठेतरी मरतो आणि दुर्गंधी वह्यांना धरते. पिंजरा बरा. लेंड्या कोरड्या झाडूने उडवू नका. मास्क आणि हातमोजे घाला, फडकं जंतुनाशकात भिजवून ट्रंकेचा पत्रा पुसा. कागदाला ते फडकं लावू नका.

आता कागद ठेवायचे कशात? पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले तर आतला दमटपणा आतच राहतो. मऊ पीव्हीसीच्या फोल्डरला झेरॉक्सची शाई चिकटते आणि अक्षरं उचलली जातात. मूळ दाखले लॅमिनेट करू नका. उष्णतेने जुना कागद कायमचा प्लॅस्टिकमध्ये अडकतो आणि त्यावर पुढे शिक्का किंवा शेरा मारता येत नाही. वह्यांसाठी धुतलेलं, पूर्ण वाळलेलं सुती कापड चांगलं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद रुमालात बांधून ठेवायची रीत उगाच पडलेली नाही. फक्त कापड उंदराला अडवत नाही, म्हणून रुमाल ट्रंकेत आणि ट्रंकेच्या फटी बंद, दोन्ही लागतं. नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी झाली की एक दुपार सगळं उघडून सावलीत ठेवा.

मामाची सगळ्यात महागात पडलेली चूक वाळवीची नव्हतीच. खरेदीखताची झेरॉक्स त्याच फाइलमध्ये होती, तीही गेली. सुदैवाने शेवटच्या पानाचा खालचा भाग शिल्लक होता आणि त्यावर दुय्यम निबंधकाच्या शिक्क्यात दस्त क्रमांक व वर्ष वाचता येत होतं. तेवढ्यावर शोध घेऊन नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळाली. नोंदणी झालेल्या दस्ताची अशी नक्कल १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे मिळते आणि दस्तातला मजकूर सिद्ध करायला ती चालते. खतावण्यांची मात्र दुसरी प्रत कुठेच नसते, म्हणून त्यांचे फोटो आधी काढा.

आता मामाकडे एक साधी वही आहे. प्रत्येक दस्ताचा क्रमांक, तारीख, कार्यालय आणि गट नंबर त्यात लिहिलेला आहे. ती वही कपाटात नाही, पुण्याला मामेबहिणीच्या घरी असते.