पिंपातली अळी कोणत्या डासाची?

पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या, पण त्या डेंग्यूच्या डासाच्या की साध्या, हे कळत नाही. पळीभर पाणी अलगद पांढऱ्या वाटीत घ्या आणि दोन मिनिटं वाटी हलवू नका. अळ्या श्वास घ्यायला वर येतात, तेव्हा बघा.

१. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडली तर ॲनोफिलीस (मलेरिया). तिला शेपटाकडे श्वास घ्यायची नळी नसतेच. अंडी सुटी, पाण्यावर तरंगणारी.

२. डोकं खाली करून तिरकी लटकली आणि शेपटाकडची नळी लांब, सडपातळ असली तर क्युलेक्स (हत्तीरोग). अंडी एकमेकांना चिकटून तराफ्यासारखी तरंगतात.

३. जवळजवळ उभी लटकली आणि नळी आखूड, जाडसर असली तर एडिस (डेंग्यू). हिची अंडी पाण्यात शोधू नका. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला काळे सुटे ठिपके दिसतात, तीच.

अगदी लहान अळीवरून निर्णय घेऊ नका, चार-पाच मिलिमीटरची निवडा. आणि एडिस निघाली तर नुसतं पाणी ओतून भागत नाही: ती अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. पिंप आतून काथ्याने खसखसून घासाच.