अहवालाचा पहिला परिच्छेद: मागणी आधी, कारण नंतर

लांब अहवालाच्या सारांशाची सुरुवात बहुतेक वेळा ‘प्रस्तुत अहवालात कॉम्प्रेसरच्या वीजवापराचा सविस्तर आढावा घेतला आहे’ अशी होते. ही नुसती अनुक्रमणिका झाली. वरिष्ठांना हवं असतं ते एवढंच: माझ्याकडून काय हवंय, किती पैसे, कधीपर्यंत?

समजा, चाळीस पानांच्या अहवालाचा निष्कर्ष जुना कॉम्प्रेसर बदलावा असा आहे. मग सारांश असा लिहा:

‘जुना कॉम्प्रेसर बदलण्यासाठी १८ लाख रुपयांची मंजुरी ३० जूनपर्यंत हवी आहे. नव्या यंत्रामुळे विजेचे दरमहा सुमारे ७५ हजार रुपये वाचतील, म्हणजे खर्च दोन वर्षांत वसूल होईल. दुरुस्तीचा पर्याय ४ लाखांचा आहे, पण त्याने वीजवापर कमी होत नाही. बचतीचा अंदाज दोन पाळ्यांवर आधारलेला आहे. एकच पाळी चालली, तर वसुलीला जास्त काळ लागेल (पान २२).’

शेवटची दोन वाक्यं गाळायचा मोह होतो, पण ती ठेवाच. अंदाज कशावर उभा आहे हे वरच कळलं, तर बैठकीत नेमका त्यावरच प्रश्न येतो आणि तुमची तयारी झालेली असते.

हा परिच्छेद सगळा अहवाल पूर्ण झाल्यावर लिहा आणि त्यातला प्रत्येक आकडा आतल्या तक्त्याशी ताडून पाहा. आतला आकडा शेवटच्या क्षणी बदलतो, वरचा तसाच राहतो. विश्वास तिथेच उडतो. मग तेवढाच परिच्छेद दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, ‘साहेबांनी काय करायचं?’ तो अडखळला, तर पहिलं वाक्य पुन्हा लिहा.