तिबेटी म्हणींची पुस्तिका छापण्याआधी: त्सेग आणि पूर्वाक्षरे कशी तपासावीत

म्हणींच्या पुस्तिकेत संदर्भ फार थोडा असतो. एखाद्या लेखात अक्षर चुकले तर मागच्यापुढच्या वाक्यांवरून वाचक ते दुरुस्त करून घेतो, पण दोन ओळींच्या म्हणीत एक ठिपका सरकला की अर्थच हातचा जातो. मजकूर तिबेटीच्या जाणकाराने दिलेला असला तरी टाइप करताना आणि पाने लावताना चुका शिरतातच. भाषा अस्खलित येत नसली, नुसती लिपी वाचता येत असली, तरी त्यातल्या बऱ्याच चुका तुम्हाला पकडता येतील.

आधी अवयव मोजा

तिबेटीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. प्रत्येक अवयवानंतर वरच्या रेषेलगत एक ठिपका येतो, तो त्सेग. वाक्य किंवा चरण संपला की उभा दंड येतो, त्याला शे म्हणतात. मोकळी जागा एरवी शे नंतरच येते.

ही प्रसिद्ध म्हण पाहा:

```
ལུང་པ་རེ་ལ་སྐད་ལུགས་རེ། །
བླ་མ་རེ་ལ་ཆོས་ལུགས་རེ། །
```

प्रत्येक खोऱ्याची बोली वेगळी, प्रत्येक लामाची धर्मरीत वेगळी, असा तिचा भाव. दोन्ही चरणांत सात-सात अवयव आहेत, म्हणजे शे येईपर्यंत सहा-सहा त्सेग. म्हणी बहुधा अशा समतोल जोड्यांत बांधलेल्या असतात, त्यामुळे छापील प्रतीवर पेन्सिलीने अवयव मोजत जाणे ही सगळ्यात भरवशाची पहिली तपासणी. एका चरणात सात आणि दुसऱ्यात सहा भरले तर तिथे थांबा. समजा རེ་ལ मधला त्सेग गळला, तर རེལ असा एकच अवयव उरतो. ‘रे ला’, म्हणजे ‘प्रत्येकाला’, यातला विभक्तीचा ལ आता शेवटचे व्यंजन होऊन बसतो आणि वाचणारा अडखळतो. म्हण मुळातच विषम चरणांची असू शकते, म्हणून मोजणी जुळली नाही तर स्वतः ठिपका घालू नका, मूळ हस्तलिखित उघडा.

चरणाचा शेवट पाहा

शे च्या आधी एरवी त्सेग नसतो. अपवाद ङ चा: चरण ང ने संपला तर त्सेग घालूनच शे द्यायचा. ही ओळही म्हणीसारखी वापरली जाते:

```
བསམ་པ་བཟང་ན་ས་དང་ལམ་ཡང་བཟང་། །
བསམ་པ་ངན་ན་ས་དང་ལམ་ཡང་ངན། །
```

मन चांगले तर भूमी आणि वाटही चांगली, मन वाईट तर दोन्ही वाईट. पहिला चरण ང ने संपतो म्हणून तिथे ཟང་། असे आहे, दुसरा ན ने संपतो म्हणून ངན། एवढेच. हा फरक टाइप करणाऱ्याची चूक समजून ‘एकसारखा’ करणारे मुद्रितशोधक असतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. चरण ག ने संपत असेल तर पहिला शे गाळतात, कारण त्या अक्षराची उभी रेघच शे सारखी दिसते. मग फक्त मोकळी जागा आणि दुसरा शे उरतो.

ङ नंतरचा हा त्सेग साधा नको. साध्या त्सेगनंतर (U+0F0B) काही प्रणालींत ओळ मोडू शकते आणि शे एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जातो. त्यासाठी न मोडणारा त्सेग (U+0F0C) वापरा. दिसायला दोन्ही सारखेच असतात. पुस्तिकेची पाने अरुंद असतात, तिथे हा धोका जास्त.

आपल्याकडे आणखी एक गफलत होते: देवनागरी कळफलक चालू राहिला की शे च्या जागी आपला दंड पडतो. हे सगळे शोधायला, रेग्युलर एक्स्प्रेशन चालणाऱ्या टेक्स्ट एडिटरच्या शोधचौकटीत या ओळी एकेक करून टाका:

```
་་
ང།
[^ང][་༌]།
।
```

पहिली दुहेरी त्सेग दाखवते, दुसरी ङ नंतर गळलेला त्सेग, तिसरी शे आधीचा अनावश्यक त्सेग आणि चौथी देवनागरी दंड. तिसऱ्या शोधात मात्रा असलेला ङ ही अडकेल. तो डोळ्यांनी पाहा, सगळे एकदम बदलू नका.

मग पूर्वाक्षरे

मूळ अक्षराच्या आधी लिहिली जाणारी, बहुधा न उच्चारली जाणारी अक्षरे पाच: ག, ད, བ, མ, འ. तिबेटीत त्यांना ङोन्जुग म्हणतात. म्हणीसाठीचा शब्दच घ्या: གཏམ་དཔེ. ल्हासाकडे उच्चार ‘ताम्पे’च्या जवळचा, पण लिखाणात आधी ग आणि मग द.

इथे वर्णमाला आपल्याच वळणाची असल्याचा फायदा होतो. ད हे पूर्वाक्षर फक्त क-वर्ग आणि प-वर्गाच्या आधी येते. ག येते ते च-वर्ग, त-वर्ग, ‘चाक’मधल्या च चा वर्ग आणि य, श, स, झ यांसारख्या अक्षरांच्या आधी. दोघांची हद्द वेगळी आहे. म्हणून དཏམ किंवा གཔེ दिसले की शब्द माहीत नसतानाही चूक ठरवता येते. མ आणि འ ही क, च, त, प अशा वर्गातल्या पहिल्या अक्षरांआधी येत नाहीत, म्हणजे མཏམ सुद्धा चूकच.

न उच्चारला जाणारा शेवटचा འ हा तर फुकटचा वाटून गळतो. मात्रा नसलेल्या दोन अक्षरांत पहिले मूळ आणि दुसरे अंत्य धरले जाते, म्हणून མད हे ‘मद’ असे वाचले जाईल. ‘बाण’ लिहायचा तर མདའ हवे. तो འ सांगतो की मूळ अक्षर द आहे, म पूर्वाक्षर. དགའ (आनंद) आणि དག यांतही हाच फरक. मात्रा असली की ही गरज नसते: མདོ (सूत्र) मध्ये ओकार द वर बसलेला आहे, तोच मूळ अक्षर दाखवतो.

पूर्वाक्षर टाइप करताना पूर्ण अक्षर पडले का, तेही पाहा. པ किंवा བ यांची गल्लत डोळ्यांना दिसते, पण जोडणीची गल्लत लहान टायपात निसटते:

```
གཡག   U+0F42 U+0F61 U+0F42
གྱག   U+0F42 U+0FB1 U+0F42
```

पहिला याक. दुसऱ्यात य खाली जोडला गेला, ग मूळ अक्षर झाले आणि याक नाहीसा झाला.

कान थोडी मदत करतो. मुके पूर्वाक्षर जोडशब्दात कधीकधी ऐकू येते: བཀའ་འགྱུར चा उच्चार ‘कांग्यूर’ होतो, त्यातले अनुस्वार दुसऱ्या अवयवाच्या འ मुळे. བཅུ (दहा) आणि བཞི (चार) मिळून चौदा होतात तेव्हा ‘चुब्शी’ असा ब उमटतो. म्हण सांगणारा माणूस जवळ असेल तर अशा जागा त्याच्याकडून हळू वाचून घ्या.

नियमांनी सापडत नाही ती चूक क्रियापदांतली. ‘कापणे’चे वर्तमान གཅོད, भूत བཅད, भविष्य གཅད. शेवटच्या दोन्हींत पूर्वाक्षर वैध आहे, ल्हासाकडच्या उच्चारात फरक कळत नाही, पण ‘कापले’ आणि ‘कापायचे’ यांत म्हणीचा सल्ला उलटतो. अशा क्रियापदांची वेगळी यादी करा आणि प्रत्येक रूप कोशात पाहा. कोशात शब्द मूळ अक्षराखाली असतो: གཅོད हे ཅ खाली शोधायचे, ག खाली नाही. दोन्ही रूपे अर्थाला चालत असतील तर निवड म्हण देणाऱ्यावर सोडा आणि त्याचे उत्तर कच्च्या प्रतीवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मुद्रितात कोणी ते पुन्हा बदलणार नाही.