पिवळा डॉलर येण्याआधी: मधुमेहाच्या व्हिडिओची तयारी

यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओसमोर हिरव्याऐवजी पिवळा डॉलर दिसला, की मराठी चॅनलवाल्यांत एक तक्रार ठरलेली असते: आपल्याला मुद्दाम दाबतात. म्हणून तयारीतलं पहिलं काम म्हणजे पिवळ्या डॉलरसोबत येणाऱ्या Limited or no ads या शेऱ्याचा अर्थ नीट समजून घेणं. व्हिडिओ काढून टाकलेला नसतो. लोक तो बघू शकतात, यूट्यूब प्रीमियम घेतलेल्या प्रेक्षकांकडून येणारा वाटाही मिळतो. फक्त बरेचसे जाहिरातदार त्यावर जाहिरात लावायला तयार नसतात. गूगलवर जाहिरात देणारी कंपनी आपली जाहिरात कितपत नाजूक मजकुरावर चालेल हे आधीच ठरवून ठेवते. लहान मुलांची बिस्किटं विकणाऱ्याला अपघाताच्या बातमीआधी आपला पुडा दिसायला नको असतो. बोली लावणारे कमी झाले, की उरलेल्या जाहिरातींचा दरही घसरतो.

हे कडक झालं ते २०१७ च्या सुरुवातीला. द्वेष पसरवणाऱ्या व्हिडिओंवर आपल्या जाहिराती झळकतायत हे बाहेर आल्यावर ब्रिटन-अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी पैसा काढून घेतला होता. तेव्हापासून जाहिरातदाराची भीती यूट्यूब तुमच्या अडचणीच्या आधी धरतं. ते पटो न पटो, तयारी हे गृहीत धरूनच करायची.

आता एक नमुना घेऊ. एका आहारतज्ज्ञ ताईंना मधुमेहावर दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. कच्चं शीर्षक आहे, ‘७ दिवसांत शुगर कायमची नॉर्मल, गोळ्या बंद!’ थंबनेलवर काळं पडलेलं पाऊल, त्यावर लाल फुली.

सुरुवात शीर्षकापासूनच करायची, कारण तपासणी व्हिडिओबरोबर शीर्षक, थंबनेल आणि वर्णनाचीही होते. या एका ओळीत तीन दावे आहेत आणि तिन्ही टिकत नाहीत. ‘७ दिवसांत’ हे तर साध्या तपासणीनेच पडतं. मधुमेह आटोक्यात आहे का हे ज्या एचबीए१सी चाचणीवरून बघतात, ती साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आठवड्याभरात सकाळची उपाशीपोटीची साखर खाली आलेली दिसेलही, पण तेवढ्यावर ‘नॉर्मल’ म्हणता येत नाही. ‘कायमची’ हेही तसंच. वजन बरंच उतरवल्यावर काही टाइप २ रुग्णांची साखर औषधाशिवाय मर्यादेत राहते, हे खरं. वजन पुन्हा चढलं तर ती परत वाढू शकते, हेही खरं. आणि ‘गोळ्या बंद’ हा सगळ्यात धोक्याचा शब्द. ऐकणाऱ्यांत एखादा टाइप १ चा मुलगा असला आणि घरच्यांनी त्याचं इन्सुलिन थांबवलं, तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. असा दावा फक्त जाहिराती कमी करत नाही. आरोग्याविषयीच्या चुकीच्या माहितीच्या नियमाखाली व्हिडिओच उडू शकतो.

मग शीर्षक असं होईल: ‘टाइप २ मधुमेह: जेवणाचं ताट कसं वाढावं?’ कमी चटकदार आहे, कबूल. पण ज्याला ताट वाढायचंय तो हे उघडतोच. थंबनेलवर पायाऐवजी तेच ताट ठेवा: अर्धं भाजी-कोशिंबिरीचं, पाव भागात डाळ-उसळ, पाव भागात भाकरी किंवा भात. पायाची जखम व्हिडिओत सांगायचीच असेल तर रेखाचित्र वापरा. पू-रक्त दाखवणारा जवळून घेतलेला फोटो शिकवण्यासाठी असला तरी धक्कादायक दृश्यांत मोडू शकतो, थंबनेलवर तर हमखास.

त्यानंतर संहिता हातात घेऊन प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे कोणासाठी खरं आहे? ‘मेथीने साखर उतरते’ असं सरसकट वाक्य असेल, तर ‘औषधं चालू असणाऱ्यांनी खाण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकते’ हे त्याच दमात यायला हवं, शेवटच्या पट्टीत नव्हे. ‘माझ्या एका पेशंटची शुगर ३०० वरून १०० वर आली’ हे मी तर काढूनच टाकेन. त्या पेशंटने आणखी काय काय केलं होतं हे कुणालाच कळत नाही.

बोलणारी व्यक्ती कोण, हे सुरुवातीलाच सांगायचं: पदवी, आणि आपण आहारतज्ज्ञ आहोत, डॉक्टर नाही, हेही. जाहिरातींचे निकष ठरवणाऱ्या आस्की या परिषदेने २०२३ मध्ये आरोग्य आणि अर्थविषयक इन्फ्लुएन्सर्सना पात्रता उघड करायला सांगितलंय ते याचसाठी. मध्येच कुणी चूर्णवाला प्रायोजक घेतला, तर मामला आणखी पुढे जातो. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यात ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात निषिद्ध आहे, त्या यादीत मधुमेह आहे. ‘चूर्णाने मधुमेह बरा होतो’ हे वाक्य पैसे घेऊन म्हणणं म्हणजे फक्त पिवळ्या डॉलरचा प्रश्न राहत नाही.

पैशाच्या विषयात गंमत उलटी आहे. बँका आणि म्युच्युअल फंड जाहिरातीला मुळात चांगला दर देतात. अर्थविषय म्हणून कुणी जाहिरात अडवत नाही. अडतं ते ‘महिन्यात दुप्पट’ आणि ‘हा शेअर आजच घ्या’ इथे. सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात नोंदणीकृत संस्थांशी संबंध ठेवणाऱ्या बाजारशिक्षकांना मागच्या तीन महिन्यांचे भाव वापरून शेअरबद्दल बोलायला मनाई केली. तो नियम तुम्हाला थेट लागू होवो न होवो, शिकवताना जुना तक्ता घेण्याची सवय चांगली. बातम्यांत तर विषयच नाजूक असतो, तिथे कितीही जपलं तरी पिवळा येऊ शकतो. २०२० च्या सुरुवातीला कोरोनावर बोलणाऱ्या व्हिडिओंच्या जाहिराती सरसकट आटल्या होत्या. मार्चमध्ये यूट्यूबने निवडक चॅनलांपासून त्या पुन्हा सुरू केल्या. अशा वेळी मृतदेह धूसर करणं, आक्रोशाचा आवाज कमी ठेवणं, दृश्य कुठलं आणि कधीचं हे लिहिणं एवढं आपल्या हातात असतं.

व्हिडिओ तयार झाला की आधी खासगी ठेवूनच चढवायचा. व्हिडिओत काय काय नाजूक आहे हे विचारणारी Ad suitability ची प्रश्नावली घाईत ‘यातलं काहीच नाही’ म्हणून उरकू नये. तुमची उत्तरं यूट्यूबच्या तपासणीशी जुळत गेली, तर पुढे तुमच्या शब्दाला वजन येतं. लपवत गेलात तर ते जातं. मग यूट्यूबची Checks ही तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबा. वेळ लागतो, म्हणून सणाच्या किंवा दिनाच्या व्हिडिओसाठी दोन दिवस हाताशी ठेवा.

एवढं करूनही पिवळा आला तर फेरतपासणी मागणारं Request review लगेच दाबू नका. ती संधी एका व्हिडिओला एकदाच मिळते, आणि माणसाने बघून दिलेला निर्णय अंतिम असतो. आधी थंबनेल, शीर्षक, वर्णन आणि शंका येणारे सेकंद तपासून घ्या, लागलं तर संपादकात तेवढा तुकडा कापा. तोच व्हिडिओ काढून पुन्हा चढवण्यात अर्थ नाही. मजकूर तोच, तर शेराही बहुतेक तोच, आणि आधीची दृश्यसंख्या मात्र जाते. काही सापडलं नाही, तर मग अर्ज करा.