मोहोराचे फोटो पाठवण्याआधी: आंबा-काजू बागायतदारांसाठी तयारीची यादी

जानेवारी उजाडला की कलमाखाली पडलेल्या फुलांच्या पिवळ्या सड्याचा फोटो सल्ल्यासाठी येतो आणि खाली एकच ओळ असते: "तुडतुड्याने झाडून टाकलं, काय मारू?" मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्या या किडीनेच हे केलं का, याचं उत्तर त्या फोटोवरून देता येत नाही. आंब्याच्या मोहोरात नर फुलंच जास्त असतात, ती उमलून थोड्याच दिवसांत गळायचीच. नर-मादी दोन्ही भाग असलेल्या संयुक्त फुलांतलीही बहुतेक गळतात. किती गळलं हे जमिनीवर दिसतं, का गळलं ते दांड्यावर राहिलेल्या भागावरून कळतं. म्हणून फोटो काढायचा तो राहिलेल्याचा.

निघताना खिशात चार गोष्टी टाका: रंगीत फितीचे तुकडे, पांढरा जाड कागद, शाळेतली छोटी पट्टी आणि फोनचं भिंग पुसायला सुती फडकं. वेळ सकाळची, दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आधी. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात निरोगी मोहोरही करपल्यासारखा दिसतो. प्रत्येक जवळच्या फोटोत कागदाचा कोपरा येऊ द्या, म्हणजे रंग कॅमेऱ्याने बदललाय की खरंच तसा आहे ते समजतं. हापूसचा दांडा मुळात लालसर-गुलाबी असतो, त्या लालीला रोग समजू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर आकार कमी होताना नेमके बारीक ठिपकेच पुसले जातात.

झाडं निवडताना रस्त्याकडेचं देखणं कलम सोडा. एक उघड्या बाजूचं, एक मधलं आणि एक दाट सावलीतलं घ्या. तुडतुडा सावली आणि कोंदट हवेत वाढतो, त्यामुळे बागेची खरी स्थिती दाट झाडाच्या आतल्या फांद्या सांगतात. प्रत्येक झाडावर चारही दिशांना एकेका मोहोराला फीत बांधा. चार दिवसांनी फोटो त्याच मोहोराचा हवा, शेजारच्या चांगल्या मोहोराचा नको.

पहिला फोटो अख्ख्या डहाळीचा: मोहोर आणि खालची पाच-सहा पानं एका चौकटीत. यात अवस्था ठरते. डोळा फुगून खवले सुटलेत तो बोंगा. त्यातून मोहोर येणार, पालवी येणार की दोन्ही मिसळून, हे बोंगा दोनेक सेंटीमीटर लांबल्याशिवाय फोटोवरून सांगू नये. पुढे दांडा लांबतो, कळ्या मिटलेल्या असतात. फुलं बुडापासून शेंड्याकडे उमलतात, त्यामुळे बुडाची फुलं गळालेली आणि शेंडा फुललेला दिसला तर ते वयानुसार आहे. उलट मिटलेल्या कळ्याच तपकिरी होऊन गळत असतील तर कारण शोधायलाच हवं. याच फोटोत आणखी एक गोष्ट सापडते. कणी म्हणजे बारीक फळ धरलेल्या मोहोराच्या बुडाशी नवा बोंगा निघाला असेल तर तो पुनर्मोहोर, आणि वाटाण्याएवढी फळं गळतात ती त्यामुळे. त्याला तुडतुड्याचं औषध मारून पैसे पाण्यात जातात.

दुसरा फोटो दांड्याचा, अगदी जवळून, पट्टी शेजारी धरून. स्वच्छ, लवचिक दांडा, गळलेल्या फुलांच्या जागी छोटे देठ आणि मधूनमधून मोहरीएवढी हिरवी कणी असेल तर गळ नैसर्गिक. फुलांवर आणि दांड्यावर पिठूळ पांढरट थर असेल तर ती भुरी. दांडा वाकडा होऊन त्यावर काळी भोकं असतील तर मिजमाशी. तुडतुड्याने शोषलेल्या कळ्या सुकून तपकिरी होतात, मोहोर हाताला चिकट लागतो आणि दांड्यावर पिल्लांच्या पांढरट कात अडकलेल्या दिसतात.

तिसरा फोटो मोहोराखालच्या पानाचा, वरच्या बाजूने, तिरप्या उजेडात. तुडतुड्याच्या अंगातून निघणारा गोड चिकटा या पानांवर पडतो आणि ती तेल लावल्यासारखी चकाकतात. काही दिवसांनी त्यावर काळ्या बुरशीची काजळी धरते. मात्र काजळी म्हणजे किडीचा जुना हिशोब. फवारणीने तुडतुडे मेल्यावरही ती पानावर राहते, कातही राहतात. म्हणून शेवटची फवारणी कधी, कशाची, हे फोटोबरोबर लिहाच.

जिवंत तुडतुडे मात्र साध्या फोटोत क्वचित सापडतात. पूर्ण वाढलेला चार-पाच मिलिमीटरचा, पाचरीच्या आकाराचा, हात जवळ नेताच तिरपा सरकून उडी मारतो. पिल्लं पिवळसर-हिरवी असल्याने कळ्यांत लपून जातात. त्यासाठी कागद मोहोराखाली धरून दांड्याला हलके दोन-तीन झटके द्या आणि पडलेल्यांचा लगेच फोटो घ्या, जमलं तर व्हिडिओ. मोहोरामागे सरासरी चार-पाचच्या पुढे मोजले जात असतील तर ती दखल घेण्याची पातळी.

राजापूरकडच्या एका बागेचं उदाहरण घ्या. पहिल्या फोटोत जमिनीवर सडा. मागून घेतलेल्या फोटोंत उघड्या बाजूच्या कलमाचा दांडा स्वच्छ, बुडाकडे कणी, पान कोरडं, कागदावर एखादा तुडतुडा. तिथे काहीच करायचं नव्हतं. दाट कलमाच्या आतल्या फितीवर मात्र पान चकाकत होतं, कागदावर सात-आठ पिल्लं होती आणि शेंड्याकडच्या मिटलेल्या कळ्या तपकिरी होत होत्या. म्हणजे प्रश्न त्या रांगेपुरता. बागायतदार सगळी बाग फवारायला निघाले होते. उघड्या बाजूचा मोहोर तेव्हा ऐन फुलात होता, आणि त्या वेळच्या कीटकनाशकाने परागीकरण करणाऱ्या माश्याही मरतात. ते दाट रांगेपुरते थांबले. चार दिवसांनी त्याच फितींचे फोटो आले, तेव्हा उघड्या बाजूची कणी टिकून होती.

काजूला हीच फूटपट्टी लावू नका. काजूचा मोहोर करपलेला दिसला की लोक सवयीने 'तुडतुडा' म्हणतात, पण तिथे बहुधा ढेकण्या असतो. तो कोवळ्या दांड्यात सोंड खुपसतो. तिथे आधी पाणथळ डाग, मग डिंकाचा थेंब आणि पुढे लांबट काळा व्रण होतो. व्रण एकमेकांना मिळाले की मोहोर वरून सुकतो. यात पानं चिकट होत नाहीत, काजळीची वाट पाहू नका. फोटो दांड्याचा आणि शेजारच्या कोवळ्या पालवीचा घ्या, दोन्हींवर डाग मिळतील. कीड पाहायची तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी: लालसर तपकिरी अंग, काळं डोकं आणि पाठीवर टाचणीसारखा उभा काटा.

काजूचं फूल उमलताना फिकट असतं आणि जुनं होताना गुलाबी-लाल होतं. त्यामुळे एका दांड्यावर पांढरट आणि लाल फुलं एकत्र असणं ही रोजची गोष्ट. लाल फुलांचा फोटो 'रोग लागला' म्हणून पाठवण्याआधी दांडा उलटून पाहा. काळा व्रण नसेल, तर ते फूल फक्त म्हातारं झालंय. काजूतही नर फुलं जास्त, त्यामुळे इथेही खालच्या सड्याला घाबरू नका. शेंड्याच्या कळ्या हिरव्या आहेत का तेवढं बघा.